लाल पेन्सिलीची उभी रेघ

अन्याय झाला तो फर्स्ट इयरच्या एका मुलीवर. ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये, होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत. अन्याय करणारा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळात मी लिहिलेल्या पत्रकात मी त्यांना बरंच काही म्हटलं होतं आणि त्यातलं निम्मं मला आता परत घ्यायचं आहे. निम्मंच.

मुलगी भीमपूरकडची, बौद्ध वस्तीतली. दहावीपर्यंत मराठी शाळा. वडील टपालाची थैली घेऊन गावोगाव सायकल मारणारे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ती आणि मी एकाच वर्गात डिप्लोमा करत होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथे शिकलेल्यांना ते कळेलच, बाकीच्यांना काय करायचंय? मी वांकिडीचा. वर्गात मराठी बोलणारे आम्ही चारच जण, त्यातली मुलगी ही एकटी. ती मला भाऊ म्हणायची आणि भाऊ म्हणून दिवसातून दोनदा झापायची.

त्या दिवशी नोटीस बोर्डावर गणिताच्या अंतर्गत गुणांची यादी लागली. वीसपैकी गुण. आठच्या खाली गेला तर त्या विषयाचं हॉल तिकीट नाही. हॉल तिकीट नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की सरकारी होस्टेलमधली जागाही गेली, कारण जागा पुढच्या वर्गात गेलेल्यांनाच मिळायची. भीमपूरहून रोज येऊन-जाऊन डिप्लोमा करणं शक्य नव्हतं, ते तिने पहिले दोन महिने करून पाहिलं होतं. म्हणजे तिच्यापुरता हिशेब सरळ होता. आठ असले तर शिक्षण, नसले तर गाव.

यादीत तिच्या नावापुढे सहा होते.

ती रडली नाही. तिने दप्तरातून कागदाची चळत काढली. वर्षभर झालेल्या चाचण्यांचे तपासून मिळालेले पेपर, घडी न घालता वहीत दाबून ठेवलेले.

"भाऊ, हे पाह्य," ती म्हणाली. "पाच चाचण्या झाल्या. पहिलीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत मी नव्हती, ताप होता. चौथीत सोळा. पाचवीत सतरा. पाचपैकी चांगल्या तीन धरतात म्हणे. मंग सतरा, सोळा आन् पाच. अडतीस. भागिले तीन, बारा पूर्णांक काहीतरी. तेरा भेटाले पायजे होते. सहा कुठून आले?"

या आकड्यांच्या मागची गोष्ट सांगायला हवी. पहिली चाचणी सरांनी तेलुगूत सांगून लिहून घेतली होती. प्रश्न शाळेतलेच, सोपे. वर्गाला भरभरून गुण. हिला प्रश्नच अर्धे कळले नाहीत. पण तिने होस्टेलमधल्या मुलींच्या मागे लागून चार महिन्यांत गणितापुरती तेलुगू अशी पक्की केली की पुढे सर फळ्याकडे तोंड करून पुटपुटले तरी तिला समजायचं. ती चढत गेली तसा वर्ग उतरत गेला. पाचव्या चाचणीच्या दिवसांत वर्ल्ड कप चालू होता. मॅच पहाटे सुरू व्हायच्या. सगळी पोरं रेडिओला कान लावून बसलेली. चाचणीला वर्ग असा आपटला की सरांनी पेपर वाटताना एकेकाच्या हातात दिले नाहीत, टेबलावर टाकले. मला वीसपैकी दोन. वर्गात सगळ्यात जास्त गुण कोणाचे? हिचे. सतरा.

आणि नेमकी तीच चाचणी यादीत नव्हती.

यादी नीट पाहिली तेव्हा समजलं. सरांनी नावांपुढे तीनच रकाने दिले होते: पहिली, तिसरी, चौथी. सगळ्या साठ जणांना तेच तीन. हिचे तीन, शून्य आणि सोळा. एकोणीस. भागिले तीन, सहा.

मी तडक स्टाफ रूममध्ये गेलो. तेव्हा मी कुठेही तडकच जायचो. कॉलेजात आल्याबरोबर मी एका विद्यार्थी संघटनेत शिरलो होतो. तिथे मला तीन गोष्टी शिकवल्या होत्या: पत्रकं छापायची स्टेन्सिल कापणं, घोषणा देणं आणि समोरचा बोलायच्या आत बोलणं.

गणिताचे सर तेलुगू, पण आमच्याशी हिंदीत बोलायचे. धिप्पाड. विद्यार्थी असताना गोळाफेकीत जिल्ह्यात पहिले आलेले, आणि ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत समोरच्याला माहीत करून देणारे. त्यांच्यापुढे त्यांचं मोठं रजिस्टर उघडं होतं. उभ्या पाच रकान्यांत पाच चाचण्या, साठ आडव्या ओळींत साठ पोरं. प्रत्येक रकान्याच्या तळाशी वर्गाची सरासरी: चौदा, आठ, तेरा, अकरा, सहा. दुसऱ्या आणि पाचव्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत लाल पेन्सिलीची सरळ रेघ. पट्टी लावून मारलेली. दोन रेघांत काम संपलं होतं.

"एमिरा लीडर," म्हणजे काय रे पुढारी, सर म्हणाले, "आज किस बात का मोर्चा?"

मी म्हटलं, सर, पाचपैकी चांगल्या तीन म्हणजे ज्याच्या त्याच्या चांगल्या तीन. तुम्ही तर वर्गाच्या चांगल्या तीन धरल्या.

ते हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, पाचवा पेपर अवघड होता, पहिला सोपा होता. एकाचा सोपा पेपर धरायचा, दुसऱ्याचा अवघड धरायचा, मग दोघांची तुलना कशी करायची? सगळ्यांना तेच तीन पेपर. "सबको एक तराजू. इसमें अन्याय किधर है, बताओ?"

किधर आहे ते मला दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. अशा वेळी मी जे करायचो तेच केलं. पत्रक काढलं.

होळीच्या दिवशी दुपारी, अंगावर रंग तसाच असताना, संघटनेच्या खोलीत बसून स्टेन्सिल कापली. मथळा होता: "साठ विद्यार्थ्यांवर घोर अन्याय! गणित विभागाची हुकूमशाही!" खाली तीन परिच्छेद. त्यात "षड्यंत्र" हा शब्द चार वेळा. मुलीचा उल्लेख एकदाच, शेवटून दुसऱ्या ओळीत, "आमच्या एका ग्रामीण भगिनीचे तर वर्षच धोक्यात आले आहे" असा. मराठीत एक बाजू, तेलुगूत एक बाजू. शंभर प्रती काढल्या. सायक्लोस्टाईलच्या शाईने हात काळे झाले ते रंगाच्या हिरव्यावर चढले, आणि मला वाटलं मी इतिहास घडवून राह्यलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सर वर्गात आले. एका हातात रजिस्टर, एका हातात माझं पत्रक. पत्रक त्यांनी मोठ्याने वाचलं, सावकाश, प्रत्येक उद्गारचिन्हाला थांबून. मग रजिस्टर उघडलं.

"रोल नंबर चार. खडे हो जाओ. रोल नंबर नऊ. रोल नंबर तेरा."

असे अकरा जण उभे केले.

"तुम्हारे पाँचों मार्क देखो. सबसे अच्छे तीन कौन से?"

एकेकाने सांगितलं. पहिली, तिसरी, चौथी. अकराही जणांचं तेच.

"मैंने कौन से गिने?"

पहिली, तिसरी, चौथी.

"तुम पर अन्याय हुआ?"

"नहीं सर."

"बैठो." सरांनी पत्रकाची घडी घातली. "साठ लिखा है लीडर ने. ग्यारह तो मैंने अभी बिठा दिए. गणित के टेस्ट में दो मार्क मिले हैं लीडर को, गलती मेरी है, दो भी ज्यादा दे दिए."

वर्ग बाकांवर हात आपटून हसला. मीही हसल्यासारखं केलं, कारण त्या वेळी तोंडाचं दुसरं काही करता येत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती मला पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी भेटली. हातात तेच पत्रक.

"साठ काऊन लिवलं?"

मी म्हटलं, चळवळीत असंच लिहितात. आकडा मोठा पाहिजे. एकासाठी कोण येते?

"मी एकटी पुरत नाही का?"

मी हातावरची शाई चोळत राहिलो.

"माह्यावर अन्याय झाला," ती म्हणाली. "तो खरा हाय. चार कागद हायेत माह्यापाशी, चारीवर सरायची सही. तू त्याच्यात साठ जण कोंबले, अकरा खोटे निघाले, आता माहाही खोटा झाला. आता मी गेली सरायकडे तं म्हन्तीन, ही त्या पत्रकातली. भाऊ, तू मले वाचवून राह्यला का बुडवून राह्यला?"

मी विचारलं, मग आता काय करायचं?

तिने पत्रकाची मागची कोरी बाजू पाहिली. कोरी नव्हती, तेलुगू होती. समासात तिने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

"सरायनं अकरा जन उभे केले," ती म्हणाली. "बाराव्याले काऊन नाही उभं केलं?"

खरंच की. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. सर अकरावर थांबले, कारण बाराव्याला विचारलं असतं तर त्याने वेगळे तीन सांगितले असते.

"त्याइले माहीत हाय," ती म्हणाली. "पन त्याइले ते वर्गात समजून नाही राह्यलं. सरायले गनित वर्गात नाही समजत, भाऊ. सरायले मैदानात समजते."

आणि मग हसली. मी तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मला थोडी भीतीच वाटली.

त्या वर्षी कॉलेजचे खेळ लांबले होते. मैदानावर आधी पाणी नव्हतं, मग चुना नव्हता. होळीनंतरच्या शनिवारी एकदाचे ठरले. शेवटी दरवर्षीसारखी स्टाफची गोळाफेक. पाच जण उतरायचे: गणिताचे सर, वर्कशॉपचे मास्तर, ऑफिसातले क्लार्क, लायब्ररीवाले आणि घंटा देणारा अटेंडर. प्रत्येकाला तीन फेकी, ज्याची सगळ्यात लांब तो पहिला. बक्षीस स्टीलची बादली. सरांच्या घरी चार बादल्या होत्या, चारही याच मैदानातल्या.

नोंदी ठेवायचं काम तिचं, कारण तिचं अक्षर चांगलं. माइक माझ्याकडे, कारण माझा आवाज मोठा. हे दोन्ही आधीपासूनच ठरलेलं होतं, आम्ही कट केला नव्हता. म्हणजे तोपर्यंत केला नव्हता.

पहिली फेक सगळ्यांची बेतास बात. अंगच मोकळं झालेलं नव्हतं. सरांचा गोळा सहा मीटर, बाकीचे साडेचार-पाचच्या आसपास. दुसऱ्या फेकीला सगळे तापले. वर्कशॉपच्या मास्तरांनी साडेसात टाकला, क्लार्कनी सात, लायब्ररीवाल्यांनी साडेसहा, अटेंडरने सहा. सर जोरात फिरले, गोळा लांब गेला, पण पाय चुन्याच्या रेघेबाहेर. फाऊल. शून्य. मग कोणीतरी चहा आणि मिरची भजी आणली. तिसरी फेक बाकीच्यांनी भजी खाताखाताच उरकली, एकानेही पाचच्या पुढे टाकला नाही. सरांनी मात्र भज्यांना हात लावला नाही. रुमालाने तळहात पुसले, श्वास घेतला आणि आठ मीटर चाळीस सेंटिमीटर टाकला. मैदानात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. फेक होतीच तशी.

ती टेबलावर वाकून बेरजा करत होती. मग दप्तरातून पट्टी काढली. आणि लाल पेन्सिल.

कागद माझ्याकडे सरकवला. "वाच."

मी वाचला आणि म्हटलं, "बाई, हे मी नाही वाचत."

"घोषना द्याले आवाज हाय, मंग हे वाचाले काऊन नाही?"

मी माइक हातात घेतला.

"स्टाफ गोळाफेकीचा निकाल," मी म्हणालो. आवाज माझ्याच कानाला परका वाटला. "पहिल्या फेकीत पाचही स्पर्धकांची बेरीज पंचवीस मीटर. दुसऱ्या फेकीत सत्तावीस. तिसऱ्या फेकीत साडेसव्वीसला जरा कमी. म्हणजे सगळ्यांची मिळून सर्वोत्तम फेक दुसरी. म्हणून सर्व स्पर्धकांची दुसरी फेक धरण्यात येत आहे. पहिली आणि तिसरी रद्द. प्रथम क्रमांक, वर्कशॉपचे मास्तर, साडेसात मीटर. गणिताचे सर, शून्य मीटर, पाचवा क्रमांक."

हेच मग मी हिंदीतही सांगितलं, कोणाचा गैरसमज राहू नये म्हणून.

अटेंडर आनंदाने ओरडला, "मी चवथा!" गेल्या वर्षापर्यंत तो बिचारा कायम पाचवा यायचा.

सर टेबलापाशी आले. चेहरा लाल.

"ये क्या तमाशा है? मेरा तीसरा थ्रो सबसे लंबा है!"

"हौ सर," ती म्हणाली. बसल्या जागेवरून. "आठ चाळीस. लिखा है ना."

"तो काटा क्यों?"

"सबका तीसरा थ्रो खराब गया सर. सबको एक तराजू."

"दूसरों के थ्रो से मेरा क्या लेना-देना?" सर गरजले. माइक माझ्या हातात चालूच होता, ते वाक्य बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलं. "जिसने जो सबसे अच्छा फेंका, उसका वही गिना जाता है! हर एक का अपना!"

ती उभी राहिली. दप्तरातून पाच कागद काढले, त्यातले चार सरांच्या सहीचे, आणि टेबलावर ओळीने मांडले. तीन, पाच, गैरहजर म्हणून एक कोरा, सोळा, सतरा. कोरा कागद तिने तिसऱ्या चाचणीच्या नावाने मुद्दाम घातला होता, जागा चुकू नये म्हणून.

"हर एक का अपना, सर," ती म्हणाली.

एवढंच. मी असतो तर पुढे अर्धा तास बोललो असतो आणि सगळं घालवलं असतं.

सर त्या कागदांकडे पाहत राहिले. मग तिच्या नोंदीच्या कागदाकडे, दोन लाल रेघांकडे. पट्टी लावून मारलेल्या होत्या, अगदी त्यांच्यासारख्याच. टोपी घालून खुर्चीत बसलेले प्रिन्सिपॉल साहेब उठून आले. वयस्कर, जुन्या उर्दू वळणाचे. त्यांनी दोन्हीकडचे कागद पाहिले आणि क्लार्कला विचारलं, "मिश्राजी-फिश्राजी जो भी परिपत्रक लाए थे, उसमें क्या लिखा है?" साहेबांना लोकांची नावं कधीच आठवायची नाहीत, ते कोणालाही कुठलंही नाव ठोकून द्यायचे. क्लार्क तोंडातलं भजं गिळून म्हणाले, "साहब, प्रत्येक विद्यार्थी के पाँच में से सबसे अच्छे तीन. मैंने ही टाईप किया था."

"प्रत्येक," साहेब म्हणाले. "तो प्रोफेसर साहब?"

सरांनी रुमाल खिशात कोंबला. ते मैदानातून निघून गेले. बादली तशीच टेबलावर राहिली. मला वाटलं, झालं, आता ही मुलगी मेली. गुण गेले ते गेले, वर सरांशी वैर.

सोमवारी सरांनी आम्हा दोघांना स्टाफ रूममध्ये बोलावलं. टेबलावर रजिस्टर, दोन पेन, दोन खुर्च्या.

"बैठो. साठ बच्चे, साठ लाईन. हर लाईन में तीन बड़े आँकड़ों पे गोल. जोड़ो, तीन से भाग दो, आधा या ऊपर हो तो एक बढ़ाओ. मैं एक बार चेक करूँगा. तुमको अपना-अपना चाहिए ना? करो अब साठ बार."

शिक्षाच होती ती. दोन रेघांचं काम साठ ओळींचं झालं. आम्ही जेवणाची सुट्टी सोडून बसलो. ती गोल करायची, मी बेरीज. तेव्हा मला कळलं की सरांनी रेघा का मारल्या होत्या. पाचवी ओळ होईस्तोवर माझे डोळे फिरले. दोन अकरा आले तर कोणता धरायचा? ती म्हणाली, कोणताही धर, बेरीज तीच येते. एक पोरगा तीन चाचण्यांना आलाच नव्हता. त्याच्या ओळीत दोन आकडे आणि तीन शून्यं. मी म्हटलं, याचे दोनच धरू, भागिले दोन. ती म्हणाली, "तीन म्हनजे तीन, भाऊ. एक शून्य त्याले घ्याच लागन." शून्यावर तिने गोल केला. गोलात गोल.

संध्याकाळपर्यंत झालं. अकरा जणांचे गुण होते तेवढेच राहिले, तेच अकरा, सर बरोबर होते. बाकीच्यांचे वाढले. कोणाचे एक, कोणाचे दोन, पण हॉल तिकीट अडलेली तीच एकटी. माझे नऊचे अकरा झाले. कमी कोणाचेच झाले नाहीत, होऊच शकत नव्हते. आपले सगळ्यात मोठे तीन आकडे घेतले तर दुसऱ्या कुठल्याही तीन आकड्यांपेक्षा ते लहान कसे निघतील? हे मी तिथे बसून शोधून काढल्यासारखं मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "हे तू पत्रकात लिवलं असतं तं बरं झालं असतं."

तिच्या ओळीवर आम्ही आलो तेव्हा तिने पेन माझ्याकडे दिलं. स्वतःची ओळ स्वतः करायची नाही, म्हणाली. मी सतरावर गोल केला, सोळावर केला, पाचवर केला. अडतीस. तेरा.

सर आले, खुर्चीत बसले आणि साठ ओळी तपासल्या. दोन चुका निघाल्या, दोन्ही माझ्या. तिच्या ओळीवर ते जरा थांबले. पाचव्या रकान्यातल्या सतराकडे बोट ठेवलं.

"ये पेपर पूरी क्लास में अकेली तूने किया था," ते म्हणाले. "और मैंने यही काट दिया."

सरांनी सही केली. मग म्हणाले, "बादली मास्टर को दे दी. उसके घर एक भी नहीं थी."

मला ते तेव्हा हरल्याचं बोलणं वाटलं. आता वाटत नाही.

ती पास झाली, पुढच्या वर्षीही होस्टेलमध्येच राहिली, आणि सध्या ती जिल्ह्यातच बांधकामावर सुपरवायझर आहे. मजुरांची हजेरी ती आडव्या ओळीत मांडते, ज्याची त्याची वेगळी, असं मला तिनेच सांगितलं. सर रिटायर होऊनही अजून शिकवतात. रजिस्टरमध्ये गोल करतात, रेघा मारत नाहीत. वेळ लागतो म्हणून कुरकुर करतात आणि करतात.

राहिलो मी. पत्रकं मी अजूनही लिहितो. षड्यंत्र हा शब्द वापरणं बंद केलंय. पण त्या होळीच्या दिवशी काढलेल्या शंभर प्रती वाटल्या गेल्या होत्या, मी त्या परत मागितल्या नाहीत, आणि कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या पुस्तकाला कव्हर म्हणून, त्यातल्या काही अजून असणार. तामसी गावातल्या एका दोस्ताच्या घरी मी एक भिंतीवर चिकटवलेली पाहिली. तिच्यावर अजून मोठ्या अक्षरात लिहिलंय, साठ.

तर आता तुम्ही. तुमच्याकडे ते पत्रक असेल तर शोधा. आजच शोधा. पेन काढा, मथळ्यातले साठ खोडा, आणि तिथे एक लिहा.